शेजारच्या काकू मुलाकडे कायमच्या निघाल्यात, काय बोलाल?

निरोपाचं बोलणं सामान हलवायच्या दिवशी नको. त्या दिवशी टेम्पोवाला घाई करत असतो, मुलगा घड्याळ बघत असतो आणि काकूंचं लक्ष गॅस सिलिंडर परत केला का यात अडकलेलं असतं. दोन दिवस आधी संध्याकाळी जा, चहा घ्या, निवांत बसा.

“आता काय, आराम करा, नातवंडांत रमा” हे वाक्य टाळा. वीस जणांनी ते आधीच म्हटलेलं असतं, शिवाय त्यांचं इथलं आयुष्य त्यात एका फटक्यात संपतं. त्याऐवजी एखादी नेमकी आठवण सांगा: “काकू, बाळंतपणानंतर दीड महिना तुम्ही रोज डिंकाचा लाडू आणून द्यायचात. आईला यायला जमलं नव्हतं, तेव्हा तुम्हीच होतात.” एवढं पुरे. त्या रडल्या तर विषय बदलू नका, गप्प बसा.

मग त्यांच्याकडे काहीतरी मागा. “गोडा मसाल्याचं प्रमाण फोनवर सांगाल ना? रविवारी अकराला करते.” वार आणि वेळ ठरवून बोला, “फोन करत जा” म्हटलं की कुणीच करत नाही. त्यांना कमी ऐकू येत असेल तर व्हिडिओ कॉल कसा उचलायचा ते तिथेच एकदा करून दाखवा.

निघताना हातावर दही-साखर ठेवा. “जाते” म्हणाल्या तर आपणच म्हणायचं, “येते म्हणा, काकू.”