जीसीवर इंटर्नल स्टँडर्ड लावायच्या आधी: एकदा तोंडावर आपटलेल्या माणसाची यादी

पुढच्या आठवड्यात परत फेणीच्या सॅम्पल्समधलं मिथेनॉल जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, मोजायचंय, म्हणून स्वतःसाठीच लिहून ठेवतोय, कुणाला उपयोग झाला तर बरंच. मागच्या वेळी कॅलिब्रेशनची रेघ पट्टीसारखी सरळ आली होती, सगळे खूश, आणि सॅम्पल्सचे आकडे मात्र जवळजवळ चाळीस टक्के कमी. का ते पुढे येईलच, दोनतीनदा येईल.

गॅस, सेप्टम, लायनर, बेकआउट हे सांगायला नको. सिरिंज धुवा.

सगळ्यात आधी, म्हणजे स्टॉक बनवायच्याही आधी, सॅम्पल नुसतं इंजेक्ट करा. इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे आपण बाहेरून मोजून घालतो तो आयएस, न घालता. कोरं. आणि जिथे तुमच्या आयएसचा पीक येणार आहे तिथे काही उगवतंय का बघा. मी हेच केलं नाही. आयएस म्हणून एन-प्रोपॅनॉल घेतलं, कारण बाटली कपाटात होती आणि रक्तातल्या अल्कोहोलसाठी सगळे तेच वापरतात. पण रक्ताची गोष्ट वेगळी. फेणी आंबवून बनते हो, आणि यीस्ट आंबवताना इथेनॉलबरोबर थोडं प्रोपॅनॉल, आयसोब्युटॅनॉल, आयसोअमाइल असली भावंडंही तयार करतं. म्हणजे मी जे बाहेरून मोजून घालत होतो ते आत आधीच बसलेलं होतं.

याने काय होतं ते आकड्यात बघा, नाहीतर पटत नाही. आकडे सोपे करून देतोय, प्रमाण तेच. स्टँडर्डमध्ये मिथेनॉल लिटरला 200 मिलिग्रॅम, आयएस 100. मिथेनॉलचा एरिया 78,000, आयएसचा 1,00,000. एरियांचं गुणोत्तर 0.78, प्रमाणांचं गुणोत्तर 2, म्हणून रिस्पॉन्स फॅक्टर 0.39. (एकपेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका, एफआयडी डिटेक्टरला कार्बन-हायड्रोजन हवा असतो आणि मिथेनॉलच्या एकुलत्या कार्बनला ऑक्सिजन चिकटलेला, तो ग्रॅममागे कमीच बोलतो.) आता सॅम्पल: मिथेनॉलचा एरिया 1,17,000, आयएसच्या जागी 1,60,000. भागाकार 0.731, भागिले 0.39, गुणिले 100, उत्तर साधारण 187. खरं उत्तर होतं 300. कारण त्या 1,60,000 मधले 60,000 फेणीचे स्वतःचे, छेद फुगला आणि मिथेनॉल कमी दिसलं. आणि चूक नेमकी ज्या दिशेला व्हायला नको त्या दिशेला, विषारी गोष्ट कमी दाखवायची.

कॅलिब्रेशनची रेघ यातलं काहीच सांगत नाही, कारण स्टँडर्ड्स तुम्ही शुद्ध इथेनॉल-पाण्यात बनवता, तिथे आधीचं प्रोपॅनॉल नसतंच. आर-स्क्वेअर 0.9995 बघून मी चहाला गेलो होतो.

मग 60,000 वजा करून टाकायचे का? माझ्या मनात पण आलं होतं. नको. दोन वेगळ्या इंजेक्शनचे एरिया एकमेकांतून वजा करायचे म्हणजे दोन्ही वेळा सिरिंजने अगदी तेवढंच टाकलं असं धरायचं, आणि तो भरवसा नाही म्हणून तर आयएस घालतो ना आपण! आयएस बदला. मी आता 3-पेंटॅनॉल घेतो, स्पिरिटसाठी ते चालतं, फक्त वॅक्स कॉलमवर ते आयसोब्युटॅनॉलच्या शेजारी येतं, दोघं सुटे येतात का ते आधी बघून घ्या. कशावर? कोऱ्या सॅम्पलवर. आणि एका कोऱ्या सॅम्पलवर थांबू नका, प्रत्येक भट्टीचं सॅम्पल वेगळं, निदान प्रत्येक बॅचचं एक तरी कोरं टाका.

आता स्टॉक. आयएसचा एकच स्टॉक, एकच बाटली, स्टँडर्ड्सना आणि सॅम्पल्सना तीच, आणि सगळा सेट होईल एवढा. मी साधारण 10,000 मिलिग्रॅम लिटरला असा बनवतो आणि 10 मिली द्रावणाला 100 मायक्रोलिटर घालतो, म्हणजे सुमारे 100 पडतं. गंमत अशी की स्टॉक खरा 10,000 नसून 9,600 असला तरी काही बिघडत नाही, कारण स्टँडर्डमध्ये पण तेवढाच कमी आणि सॅम्पलमध्ये पण तेवढाच, गुणोत्तरात तो कटतो. पण अर्ध्यात स्टॉक संपला आणि कुणीतरी नवा बनवून आणला की संपलं, आता दोन्हीकडे वेगळा. पिपेटही तेच. बाटलीचं झाकण लावा, ही सगळी उडणारी मंडळी आहेत, आणि फ्रिजमधून काढलेला स्टॉक खोलीच्या तापमानाला येऊ द्या मगच पिपेट करा.

आयएस कधी घालायचा हाही प्रश्न लोकांना पडत नाही आणि पडायला हवा. घातल्यानंतर जे होईल ते दोघांचं बरोबर होतं: कमी इंजेक्ट झालं, सेप्टम किंचित गळला, स्प्लिट हलला, मिथेनॉल जेवढं घटलं तेवढ्याच प्रमाणात आयएसही घटला. घालायच्या आधी जे सांडलं, उडलं किंवा डायल्यूट करताना चुकलं ते मात्र तुमचंच, आयएस त्याला काही करू शकत नाही. म्हणून सॅम्पल मोजून फ्लास्कमध्ये घेतलं की लगेच आयएस, डायल्यूशन नंतर.

स्टँडर्ड्स पाच पुरे: 50, 100, 200, 400, 800. साध्या पाण्यात नाही, सॅम्पलमध्ये जेवढं इथेनॉल तेवढ्याच इथेनॉल-पाण्यात. माझ्याकडे 40 टक्के. आणि ते इथेनॉलही कोरं इंजेक्ट करा, त्यात मिथेनॉल असलं तर तुमची रेघ वर सरकलेली येईल. हो, परत कोरं. कंटाळा आला असेल तरी.

इंटिग्रेशन हाताने बघा. मिथेनॉलच्या एका बाजूला इथाइल अॅसिटेट आणि दुसऱ्या बाजूला इथेनॉलचा डोंगर, सॉफ्टवेअर बेसलाइन कुठेही टेकवतं. स्टँडर्डला जशी टेकवली तशीच सॅम्पलला.

रन चालू असताना एकच गोष्ट: आयएसचा एरिया वेगळ्या कॉलममध्ये लिहीत जा. स्टँडर्ड्समध्ये तो 95 हजार ते 1 लाख 5 हजार असा हलत असेल तर ठीक, तेवढं सिरिंजचं. सगळी सॅम्पल्स एकाच दिशेला, दीड लाखाच्या वर, आणि प्रत्येक बॅचची वेगळी उडी, तर ते इंजेक्शन नाही, सॅम्पलमध्ये तुमचा आयएस आधीच आहे. माझ्या जुन्या शीटमध्ये हे सगळं समोर होतं. मी फक्त गुणोत्तराचा कॉलम बघत होतो आणि बाकीचे हाइड करून ठेवले होते!

प्रत्येक दहा सॅम्पल्सनंतर 200 चं स्टँडर्ड परत. पाच टक्क्यांच्या बाहेर गेलं की थांबा. डुप्लिकेट. एका सॅम्पलला माहीत असलेलं मिथेनॉल घालून परत किती मिळतं ते बघा: 100 घातलं आणि 62 च मिळालं तर आयएसमध्ये घोळ असल्याची शंका येईल, मी तेही केलं नव्हतं. 800 च्या वर गेलं तर सॅम्पल कमी घेऊन नव्याने बनवा, आयएस घातलेली वायल डायल्यूट करून उपयोग नाही, गुणोत्तर तेच राहतं.

रिपोर्ट, युनिट, सही. आणि फाइलमध्ये कोऱ्या सॅम्पलचा क्रोमॅटोग्राम वर लावा, पहिल्या पानावर.