चार सुरांतला पहिला सोलो: तेराव्या मात्रेवरची चूक टाळा

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गिटार घेऊन बसलेल्या मुलांकडून ए मायनर, एफ, सी, जी हे चार कॉर्ड फिरून फिरून ऐकू येतात. पहिला सोलो याच लूपवर करून बघा. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, म्हणजे सोळा मात्रांचं आवर्तन. मेट्रोनोम ८० वर ठेवला की एक आवर्तन बारा सेकंदांचं होतं.

सूर चारच घ्या. ए हा सा धरला, तर सा, कोमल ग, म, प. गिटारवर सा चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, ग आणि म तिसऱ्या तारेच्या पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर, प दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर. कीबोर्डवर चारही पांढऱ्या पट्ट्या.

लहानपणी पेटीच्या क्लासला गेलेल्यांची इथे एक ठरावीक अडचण होते. गिरगावात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "दादा, सूर बरोबर लागतोय, तरी प्रत्येक वेळी शेवटाकडे बोचतो. असं का?" तिची पेटी खरंच सुरात होती. तानपुऱ्यावर सा कायम ठाम असतो, म्हणून ती दर वेळी ग किंवा सा वर येऊन निवांत थांबायची. लूपमध्ये मात्र खालची जमीन दर चार मात्रांनी बदलते.

ए मायनरमध्ये सा, ग, प आहेत. एफमध्ये कोमल ध, सा, ग. सीमध्ये ग, प, कोमल नी. म्हणजे ग वर तुम्ही पहिल्या बारा मात्रा कुठेही थांबा, गोडच वाटेल. तेराव्या मात्रेला जी येतो. त्यात रे, म आणि कोमल नी आहेत. आपल्या चार सुरांपैकी एकटा म त्यात बसतो. तिथे ग लांबवला की तो कॉर्डमधल्या शुद्ध रे ला अर्ध्या सुराने घासतो आणि तेच बोचतं. सा आणि प इतके टोचत नाहीत, पण अधांतरी वाटतात.

हे कानाने पटवून घ्या. अख्खं आवर्तन फक्त ग धरून ठेवा आणि तेराव्या मात्रेला काय होतं ते ऐका. मग तिथे म लावा. हा फरक ओळखता येईपर्यंत सोलोची घाई करू नका.

यानंतरची चूक उशिराची. जी वाजल्यावर बोट म कडे जातं आणि चौदाव्या मात्रेला पोहोचतं. तीनतालाची सवय असलेल्यांचं सगळं लक्ष समेवर असतं, त्यामुळे हे जास्त होतं. उपाय सोपा आहे: बाराव्या मात्रेला ग वाजवा आणि तेराव्याला म. गिटारवर ग वरून म पर्यंत दोन फ्रेटची मींड घेतली तरी चालेल, फक्त ती तेराव्याच्या आत पूर्ण व्हायला हवी.

आता एक पूर्ण आवर्तन. पहिली मात्रा रिकामी. दुसरीला सा, तिसरीला ग, चौथीला परत सा. पाचवीला ग, आणि तो आठवीपर्यंत धरा. नववी रिकामी, दहावीला प, अकरावीला म, बारावीला ग, तेरावीला म, आणि तो पंधरावीपर्यंत. सोळावी रिकामी. सी कॉर्डवर अकरावीचा म बाहेरचा आहे, पण तो एकाच मात्रेत ग कडे उतरतो म्हणून खटकत नाही. बाहेरचा सूर वाजवण्यात चूक नसते, त्याच्यावर मुक्काम केला की चूक होते.

रिकाम्या मात्रा भरून टाकू नका. बहुतेक जण सा ग म प, प म ग सा असा जिना चढत-उतरत राहतात आणि वाक्य कुठे संपलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. वाजवण्याआधी ओळ तोंडाने गा. दम लागेल तिथे आपोआप जागा सुटते, आणि ती जागा वाजवतानाही तशीच ठेवा. कंटाळा आला तर पाचवा सूर शोधू नका. तीच ओळ अर्धी मात्रा उशिरा सुरू करा, किंवा लय तीच ठेवून आठव्या मात्रेवरचा ग बदलून सा करा. एफमध्ये तोही बसतो.

फोनवर पाच-सहा आवर्तनं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हेडफोन लावून ऐका. बोटं मोकळी असली की तेरावी मात्रा चटकन पकडता येते.

ही आखणी याच लूपपुरती आहे. जीच्या जागी ई मायनर आला, तर त्यात प, कोमल नी, रे असतात. मग तेराव्या मात्रेचा मुक्काम म वरून प वर न्यावा लागतो, आणि बाराव्याचा ग सोडून म वरून प वर चढलं तर ओळ सलग वाटते.