उन्हातला हात मोजा, मग कड्याचं माप द्या

वैशाखातल्या लग्नासाठी नवरीच्या हाताचं माप पौषातल्या सकाळी घेऊ नका. मी घेतलं होतं. धाकट्या बहिणीला सोन्याची कडी करायची होती. अमळनेरची थंडी, सकाळचे आठ, टेप गुंडाळला आणि 18.8 सेंटिमीटर सोनाराला सांगून मोकळी झाले. लग्नाच्या दुपारी, मांडवातल्या उकाड्यात, तेच कडं अंगठ्याच्या बुडाशी अडकलं. कातडी सोलली आणि त्या घाईत हिरव्या चुड्यातली एक बांगडी वाढून काच हातात घुसली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत मोजलं तर हात 19.5 होता. उन्हाने हात फुगतो, हे खानदेशात राहून मला सुचलं नाही.

तर आधी वेळ. दुपारी किंवा संध्याकाळी, घरातलं रोजचं काम झाल्यावर, जमलं तर उन्हाळ्यातच मोजा. मोजायची वेळ थंडीतच आली तर संध्याकाळी, हात शेकून मोजा आणि तरीही एक माप वरचं धरा.

टेप किंवा न ताणणारा दोरा चालेल, लोकर नको. मनगट मोजू नका, बांगडीला मनगट अडवत नाही. अंगठा करंगळीच्या बुडाकडे दुमडून हात जितका निमुळता होईल तितका करा, आणि बोटांच्या बुडाच्या गाठींवरून, अंगठ्याचा फुगवटा धरून, सगळ्यात रुंद जागी टेप फिरवा. टेप टेकला पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही हात मोजा. ज्या हाताने लिहितो, भाकरी थापतो, तो बहुतेक वेळा जरा मोठा असतो. माप त्याचंच द्या.

आता आकडा. कासाराचं ‘दोन-चार’ म्हणजे दोन इंच आणि चार आणे, इंचाचे सोळा आणे. म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास, 57 मिलिमीटर. दोन-सहा 60, दोन-आठ म्हणजे अडीच इंच, 63.5. परिघात हे सोपं पडतं: दोन-चारला जवळपास 18 सेंटिमीटर, दोन-सहाला 19, दोन-आठला 20. माझं 18.8 दोन-सहात बसत होतं, 19.5 ला मात्र दोन-आठच हवं होतं. फरक एका मापाचा आणि तो फक्त ऋतूचा आणि वेळेचा. ऑनलाइन मागवताना ‘2.4’ दिसलं तर ते दशांशाचं समजू नका; आतला व्यास मिलिमीटरमध्ये वाचा. बाहेरून मोजलेला नको, जाड कड्यात तिथेच घोळ होतो.

रुंद कड्याला आणखी जागा लागते. काचेची बारीक बांगडी तिरकी करून गाठीवरून एकेक बाजूने काढता येते. बोटभर रुंदीचं कडं तिरकं होत नाही, सगळी रुंदी एकदम चढवावी लागते. दोन-सहाची बांगडी बसणाऱ्या हाताला रुंद कडं दोन-आठचं घ्या. आणि उन्हाळ्यातलं असेल तर, पुन्हा सांगते, दुपारचं माप.

चढवताना घाई नको. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग गार पाण्यात बुडवा. फुगवटा बराच उतरतो. काचेची बांगडी आधी बोटाने आतून फिरवून बघा, जोडाच्या जागी खरखर लागली तर ती बाजूला ठेवा. तिथूनच ती पिचते आणि तिथेच कापते. हाताला साबण किंवा तेल लावा. अंगठा आत मिटा, बांगडी चार बोटांवरून आणून आधी अंगठ्याच्या गाठीवरून उतरवा, मग करंगळीच्या बाजूने. अंगठ्याच्या बुडाचं मांस दुसऱ्याने हलकेच दाबून आत ढकललं की निम्मं काम होतं. कासारीण हेच करते. एका वेळी एकच बांगडी. काचेला पिळा देऊ नका. कड्यासाठी हातावर पातळ पिशवी चढवा, तिच्यावरून कडं सरकवा, मग पिशवी ओढून घ्या.

अडकलं तर जोर बंद. हात वर, गार पाणी, साबण, दहा मिनिटं थांबा. बोटं निळसर झाली, बधीर झाली तर वाट बघू नका, कडं कापून घ्या. सोनार कापतो, डॉक्टरही. काच रुतली तर खोलवरची स्वतः उपटू नका.

घातल्यावर हात खाली सोडून झटका. अंगठा न मिटता कडं निसटत असेल तर ते मोठं आहे. बहिणीच्या कड्यात नंतर सोनाराने सोनं घालून ते दोन-आठचं केलं. माप घ्यायला मी तिला पुढच्या चैत्रात, दुपारी तीन वाजता बसवलं होतं.