निळीचे डाग का पडतात? पांढरे कपडे नीळ करताना या चुका टाळा

आखाजी जवळ आली की खान्देशातल्या घरांत पेटीतली धोतरं, सदरे, टोप्या बाहेर निघतात आणि नीळ आणली जाते. नेमके त्याच दिवशी दोरीवरच्या सदऱ्याच्या पाठीवर निळे ढग उमटतात. दोष बहुतेक वेळा निळीचा नसतो. तो आधीच्या खळबळण्यात आणि बादलीत असतो.

नीळ कापड स्वच्छ करत नाही. जुनं सुती कापड पिवळसर दिसतं, कारण ते निळा प्रकाश थोडा गिळतं. नीळ उरलेल्यातला थोडा पिवळा प्रकाश गिळते, मग रंगाचा तोल साधतो आणि डोळ्याला कापड पांढरं वाटतं. प्रत्यक्षात ते किंचित गडद झालेलं असतं. म्हणून दर धुण्याला हात सैल सोडून नीळ घातली तर सहा महिन्यांत सदरा पांढरा न दिसता राखाडी दिसायला लागतो. कॉलरवर घामाचा पिवळा थर तसाच असेल तर त्यावर नीळ बसून हिरवट झाक येते. अशा कॉलरला आधी साबण आणि ब्रश, नीळ नंतर. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग तर निळीने अजिबात झाकत नाही. रावेर-यावलकडे हे सांगायला नको.

पहिली मोठी चूक म्हणजे पावडर किंवा साबण पुरता निघण्याआधीच नीळ करणं. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट पांढरट साका तयार होतो. तो धाग्यांत अडकतो आणि निळीचे कण धरून ठेवतो. पाठ, खिसा, दुमड अशा जिथे साका जास्त राहतो, तिथेच ढग दिसतात. कापड बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागत असेल तर अजून एक पाणी काढा. बोअरच्या पाण्यात तीन पाणी काढणं जास्त नाही. निळीची शेवटची बादली जमल्यास नळाच्या पाण्याची घ्या. आरओ यंत्राच्या सांडपाण्याची मात्र घेऊ नका, कारण त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

दुसरी चूक बादलीतली. अर्धी बादली पाण्याला पातळ नीळ साधारण चार थेंब पुरते. थेंब आधी पेलाभर पाण्यात विरघळवायचे, ते बादलीत ओतायचे, हाताने ढवळायचं आणि मगच कपडा सोडायचा. ओंजळीत घेतलेलं पाणी फिकट आकाशी दिसलं पाहिजे, त्यापेक्षा गडद नको. पावडर नीळ पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवायची. बादलीत सरळ टाकली तर न फुटलेल्या गुठळ्या कापडावर बसतात. कपडा ओला आणि पूर्ण उघडलेला असावा. पिळाची गुंडाळी तशीच बादलीत बुडवली की बाहेरचा भाग नीळ पितो आणि आतला कोराच राहतो. एक-दोन मिनिटं वरखाली करून लगेच काढा. पावडर नीळ पाण्यात विरघळत नाही, तळाला बसते. त्यामुळे दुसरा कपडा टाकण्याआधी पुन्हा ढवळायचं. हे विसरलं की धोतराचं खालचं टोक निळं होतं.

पातळ निळीबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा बऱ्याच निळींत जांभळसर आम्ल रंग असतो. तो सुती धाग्याला फारसा घट्ट धरत नाही, पण नायलॉन, रेशीम आणि लोकरीला पक्का बसतो. शाळेचे पांढरे नायलॉनचे मोजे किंवा बनियनचं इलॅस्टिक यामुळेच जांभळं होतं. हे कपडे त्या बादलीत टाकूच नयेत.

वाळवताना पाणी कडेकडे सरकतं आणि रंगही सोबत नेतं. चैत्र-वैशाखाच्या गरम वाऱ्यात कपडा वरून झटकन सुकतो, खालच्या काठाला ओल राहते आणि तिथे निळी रेघ उमटते. सारखं पिळून, झटकून, दुमड न ठेवता सावलीत पसरलं की ती पडत नाही.

आता डाग पडलाच असेल तर इस्त्री फिरवू नका. आधी नीळ कोणती हे बघा. तीच नीळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात ढवळून तासभर ठेवा. तळाला निळा गाळ बसला तर ती कणांची नीळ, पाणी एकसारखं रंगीत राहिलं तर विरघळणारा रंग. गाळाची असेल तर तो दोन वाट्यांत घ्या. एकीत पांढरं व्हिनेगर घाला, दुसरीत धुण्याच्या सोड्याचं पाणी. व्हिनेगरमध्ये रंग हळूहळू उडाला आणि सडक्या अंड्यासारखा हलका वास आला तर ती अल्ट्रामरीन. सोड्यात निळा जाऊन तपकिरी आला तर ती लोहाची नीळ. अशी नीळ साबण राहिलेल्या कापडावर गंजासारखे ठिपके पाडते.

सदऱ्यावरचा ढग अल्ट्रामरीनचा असेल तर कापड उलटं करून डागाच्या मागून नळाची धार सोडा. चोळलं की कण आणखी आत जातात. मग एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात अर्धा ते एक तास भिजवा, खिडकी उघडी ठेवा, नंतर साध्या पाण्यात दोनदा खळबळा. ब्लीचने हा रंग जात नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन निघतो. डाग पातळ निळीचा असेल तर कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून रात्रभर भिजवा. तरी राहिला आणि कापड निव्वळ पांढरं सुती असेल, तर ५ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीच घालून १५ मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा.

आता पांढरेपणाचा दुसरा मार्ग. टिनोपॉलसारखा चमकवणारा पदार्थ काही गिळून नाही, तर प्रकाश वाढवून काम करतो. तो उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेतो आणि निळा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणून दिवसा दारात झळाळणारा सदरा रात्री एलईडीखाली साधा दिसतो. पांढरेपणा तपासायचा तर दिवसाच. बहुतेक कपड्यांच्या पावडरीत हा पदार्थ आधीच असतो. वरून आणखी घातला तर झळाळी वाढत नाही, हिरवट झाक येते.

याचा डाग निळा दिसत नाही, म्हणून ओळखायला चुकतो. मोतिया खादीचा कुर्ता किंवा खाकी शर्टावर कोरडी पावडर टाकून ब्रश मारला की तिथे तो पदार्थ जास्त बसतो आणि फटफटीत चट्टा राहतो. लोकांना वाटतं रंग उडाला. नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात मारून बघा, चट्टा निळा चमकला तर रंग गेलेला नसून झळाळी चढलेली आहे. ती धुऊन सहज निघत नाही. सुती कापडावरची झळाळी ऊन खाऊन हळूहळू कमी होते, ओल्या कपड्यावर जरा जास्तच. म्हणून असा चट्टा पडलेला कुर्ता चमक न देणाऱ्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा, आणि ज्या पांढऱ्या सदऱ्याची झळाळी टिकवायची तो सावलीत.