स्क्रीनशॉटवरून कॉन्ट्रास्ट मोजताना पिक्सेल कुठला धरायचा?

पणजीत मी ॲप टेस्टिंगचं काम करते. फेरीबोटींच्या वेळा दाखवणाऱ्या एका मराठी ॲपचे स्क्रीनशॉट तपासताना ‘शेवटची फेरी’ या करड्या ओळीवरून आमच्यात मतभेद झाला. डिझायनरच्या कागदावर अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर होतं 4.54. नव्या सहकाऱ्याने मोजलं तर 2.58 आलं. नियम WCAG या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा: साध्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5:1, मोठ्या मजकुराला 3:1. म्हणजे एकाच्या हिशेबाने ओळ पास, दुसऱ्याच्या हिशेबाने सपशेल नापास.

मी स्क्रीनशॉट 800 टक्के मोठा केला. अक्षराच्या कडेला मूळ रंग आणि पार्श्वभूमी यांच्या मधल्या छटा दिसतात. अक्षर गुळगुळीत दिसावं म्हणून फोनच त्या भरतो. सहकाऱ्याने नेमका तिथला #9A9A9A उचलला होता. खरा रंग रेघेच्या पोटात सापडतो, आणि इथे देवनागरीचा फायदा होतो: शिरोरेषा आडवी आणि सरळ असते, त्यामुळे तिच्या मधोमध बहुधा पूर्ण रंगाचे पिक्सेल मिळतात. इथे ते #767676 होते. दोन-तीन अक्षरांवर तोच रंग आला की खात्री धरायची. फॉन्ट इतका बारीक असेल की एकही पिक्सेल पूर्ण भरत नाही, तर स्क्रीनशॉटवर विसंबू नका, डेव्हलपरकडून रंगाचा कोड मागून घ्या.

मग डिझायनर बरोबर होता का? अक्षरांचा रंग त्याचाच होता, पण त्याने तो पांढऱ्यावर मोजला होता. ॲपमध्ये ती ओळ #F5F5F5 रंगाच्या कार्डावर होती. डोळ्यांना दोन्ही पांढरेच वाटतात. प्रत्येक रंगाची सापेक्ष उजळता काढून सूत्रात घालायची:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
(0.913 + 0.05) / (0.181 + 0.05) ≈ 4.17
```

L1 उजळ रंगाची, L2 गडद रंगाची. आलेला आकडा गोल करून वर न्यायचा नाही; 4.48 सुद्धा नापासच. आम्ही अक्षरं #707070 केली, तेव्हा त्याच कार्डावर 4.54 आलं.

एक पथ्य मात्र पाळा. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून मागवू नका. तिथे तो जेपीईजीमध्ये दाबला जातो आणि अक्षरांभोवतीचे रंग बदलतात. मूळ पीएनजी ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्या. अक्षराचा आकारही चित्रावर थेट मोजू नका: 3x स्क्रीनच्या फोनवर 42 पिक्सेलचा फॉन्ट प्रत्यक्षात 14 चाच असतो, म्हणून त्याला 3:1 ची सवलत लागू होत नाही. ती 24 पासून मिळते, ठळक अक्षरांना साधारण 18.7 पासून.

अहवालात मी फक्त गुणोत्तर देत नाही. दोन्ही रंगांचे कोड आणि पिक्सेल कुठून घेतला त्याचं मोठं केलेलं चित्र जोडते, म्हणजे डिझायनरला तेच मोजमाप स्वतः करून पाहता येतं.