दुभाषी शब्दकोडं करायला बसण्याआधी

गेल्या गणपतीत सोसायटीच्या अंकासाठी मी मराठी-इंग्रजी शब्दकोडं केलं होतं. आजी-आजोबांनी मराठी सूचना वाचायच्या, इंग्रजी शाळेतल्या नातवंडांनी इंग्रजी, आणि दोघांनी मिळून एकच चौकट भरायची, असा बेत होता. आरतीनंतर निम्मी सोसायटी माझ्यापाशी भांडायला आली. यंदा पुन्हा माझ्याच गळ्यात पडलंय, म्हणून ही यादी.

कागद, पेन्सिल, खोडरबर लागेलच. खोडरबर मोठं घ्या.

आधी कोड्याची जात ठरवा. माझं मत ठाम आहे: चौकट एकच, उत्तरं देवनागरीत, एका घरात काना-मात्रेसकट एक अक्षर, आणि प्रत्येक उत्तराला दोन सूचना. उत्तर असं हवं की ते मराठीतही शब्द आहे आणि त्याच उच्चाराचा इंग्रजीतही शब्द आहे, अर्थ मात्र वेगळे. बोट, मोर, गोल, नट, कट, जग, नेम, बेट. ‘मोर’ची मराठी सूचना पिसाऱ्याची आणि इंग्रजी सूचना ‘आणखी’ची. रोमन लिपीची चौकट करायला जाऊ नका. तिथे ‘नेम’ एन-ई-एम लिहायचा की एन-ए-एम-ई, यावर पहिल्याच ओळीत वाद होतो.

मग शब्द गोळा करा, पण चाळणी लावून. मराठी शब्दात ळ किंवा ण असेल तर तो बाद, कारण इंग्रजीत ते उच्चारच नाहीत. ‘सन’ चालतो, वर्ष आणि सूर्य. ‘सण’ चालत नाही. त, ध, भ, घ यांच्याही वाटेला जाऊ नका. उलट बाजूने, ज्या इंग्रजी शब्दाला ॅ किंवा ॉ लागतो तो बाद. ‘मॉल’ला ‘माल’ म्हणून खपवू नका, मुलं लगेच पकडतात. ‘चोर’ लिहायला दोन्हीकडे सारखा दिसतो, पण आपला च आणि इंग्रजी घरकामाच्या ‘चोर’मधला च वेगळा. मी तो ठेवतो, कारण चौकटीत च एकच आहे.

आता मागच्या वेळी जे विसरलो ते. ऱ्हस्व-दीर्घ. यादीतल्या ज्या शब्दात इ किंवा उ आहे त्याच्यापुढे लाल खूण करा.

माझं झालं ते असं. आडवा शब्द ‘पीक’. मराठी सूचना शेतातल्या पिकाची, ती बरोबर. इंग्रजी सूचना मी दिली ‘निवडणे’, आणि तो शब्द आहे ‘पिक’. त्याच घरातून खाली ‘पिसा’: मराठीत ‘वेडा’चा जोडीदार, इंग्रजीत झुकत्या मनोऱ्याचं गाव. आजीने घरात पी लिहिला, तर खालचा शब्द ‘पीसा’ झाला. नातीने पि लिहिला, तर आजी म्हणाली शुद्धलेखन चुकलं. एका घरात दोन वेलांट्या, पहिली खोडून दुसरी, आणि बक्षीस कोणाला द्यायचं ते कळेना.

इंग्रजीत शिप म्हणजे जहाज आणि शीप म्हणजे मेंढी. लांबी बदलली की अर्थच बदलतो. मराठीत तसं क्वचित होतं. आपण लांबी बरीचशी जागेवरून ठरवतो: अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातले इ-उ दीर्घ, म्हणून पीक, फूल, पूल. तेच पिकाला, फुलाला, पुलावर होताना ऱ्हस्व होतात. त्यामुळे आपला कान या फरकाकडे लक्षच देत नाही, आणि कोडं करणारा बेसावध राहतो. मी राहिलो.

यावरून कामापुरता नियम असा. असा मराठी शब्द घेतला की त्याचा इंग्रजी जोडीदार लांब उच्चाराचाच शोधा. ‘पूल’ला पोहण्याची जागा चालते, ओढणे चालत नाही. ‘फूल’ला मूर्ख माणूस चालतो, काठोकाठ भरलेला ग्लास चालत नाही. ‘सूट’ला लग्नातला कोट-पँट चालतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत: ‘दिन’ ऱ्हस्वच. पण त्याला इंग्रजी सूचना गोंगाटाची देऊ नका, आणि ‘दीन’ला कॉलेजातल्या डीनचीही नको, दोन्हीकडे द-ड वेगळे. (हा डीनही मी मागच्या वेळी घातला होता. त्या ड-दकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, इतकं भांडण वेलांटीवर चाललं होतं.)

तोच कोपरा मी आता असा दुरुस्त केलाय. ‘पीक’ आडवा, इंग्रजी सूचना डोंगराचं टोक. त्याच्या पी-पासून खाली ‘पीस’: मराठीत पक्ष्याचं, इंग्रजीत तुकडा. पीसचा स हाच आडव्या ‘केस’चा शेवट: डोक्यावरचे, आणि कोर्टातली. पीकचा क हा वरून उतरणाऱ्या ‘लेक’चा शेवट: माहेरी येते ती, आणि तळं. चार शब्द, आठ सूचना, आणि दीर्घ ई असलेलं एकच घर, तेही दोन्ही दिशांनी आणि दोन्ही भाषांत दीर्घ. प्रत्येक लाल खुणेचं घर असं चार बाजूंनी तपासायचं: आडवा मराठी, आडवा इंग्रजी, उभा मराठी, उभा इंग्रजी. तीन जुळले म्हणून पुढे जायचं नाही. माझे मागे तीन जुळलेच होते.

शब्द असे दोन-अक्षरी, त्यामुळे चौकट जिन्यासारखी उतरते आणि काळी घरं भरपूर लागतात. लागू द्या. सात बाय सातच्या वर जाऊ नका.

सूचना लिहिताना एक अडचण येते. बोट, केस, सूट हे इंग्रजी अर्थानेही आता मराठीच आहेत. म्हणून मराठी सूचना जुन्या अर्थाला घट्ट धरून लिहा, ‘हाताला पाच’ अशी, नाहीतर दोन्ही सूचना एकच गोष्ट सांगतात. ‘नीट’ याच कारणासाठी मी काढून टाकला. नीटनेटकं दोन्हीकडे तेच.

चाचणी दोन माणसांवर. एकाला फक्त मराठी सूचना, दुसऱ्याला फक्त इंग्रजी, दोघे वेगळ्या खोलीत. मी मागे एकाच माणसाला दोन्ही दिल्या होत्या. तो मराठीवरून सोडवत गेला आणि इंग्रजीकडे त्याने बघितलंही नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि फक्त वेलांट्या, उकार बघा. बाकीच्या चुका आपोआप दिसतात, या दिसत नाहीत.

पुढचं पटापट. दोन्ही याद्यांना क्रमांक एकच. घर सेंटिमीटरभर तरी ठेवा, खाली उकार मावला पाहिजे. जोडाक्षर एकाच घरात, हे वर छापा. ‘शिप ऱ्हस्व, शीप दीर्घ’ हेही छापा, मुलांसाठी. उत्तरं शेवटच्या पानावर, उलटी छापू नका, मात्रा वाचता येत नाहीत. छापायला देण्याच्या आदल्या रात्री लाल खुणांची घरं पुन्हा एकदा, मोठ्याने वाचून.