साचा घ्यावा, वाक्य घेऊ नये

मँचेस्टर विद्यापीठाच्या 'ॲकॅडेमिक फ्रेझबँक' या शोधनिबंधासाठीच्या तयार इंग्रजी वाक्यांच्या संग्रहातली वाक्यं वापरली तर चोरी ठरते का, हा प्रश्न नाशिकला एमएस्सीला आलेली, विशेषतः मराठी माध्यमातली पोरं हमखास विचारतात. ठरत नाही. तिथले तुकडे मुद्दाम विषय काढूनच ठेवलेले आहेत. 'लिटल इज नोन अबाउट' यावर कोणाची मालकी नाही. गफलत होते ती एखाद्या पेपरातून आपला आपण साचा काढायला गेलं की.

निफाडची एक ज्युनिअर कांदाचाळीतल्या नासाडीवर लिहीत होती. तिला सापडलेल्या इंग्रजी वाक्याचा आशय असा: चाळीत हवा खेळती नसली की पावसाळ्यातला दमटपणा ढिगात कोंडतो आणि सड तळापासून वर चढते. तिने चार शब्दांना प्रतिशब्द घातले. पण मांडणीचा क्रम तोच, आणि तळापासून चढणारी सडही तीच. असं वाक्य मूळ लेखकाचंच राहतं.

मी तिला म्हटलं, यातलं कांदा, चाळ, हवा, सड सगळं खोड. मागे काय उरलं? जवळजवळ काहीच नाही. म्हणजे इथे साचा नव्हताच, होता तो लेखकाचा विचार. त्याच पेपरात पुढे होतं, 'सेव्हरल स्टडीज हॅव एक्झामिन्ड अमुक, बट फ्यू हॅव लुक्ड ॲट तमुक.' इथे कांद्याऐवजी द्राक्षं घाला, वाक्य तसंच उभं राहतं. हा साचा, बिनधास्त घ्या. फक्त 'फ्यू' लिहिताना आपण खरंच शोधून पाहिलंय ना, एवढं बघा. साचा रिकामा वाटतो, पण तोही दावा करतच असतो.

विचार घ्यायचा असेल तेव्हा पेपर मिटून वहीत मराठीत टिपण करा. तिने लिहिलं: 'खालून हवा नाही, ओल, आधी तळ सडतो.' दुसऱ्या दिवशी तेवढ्यावरूनच इंग्रजी वाक्य रचलं. क्रियापद मात्र पुराव्याच्या वजनाचं हवं. त्या लेखकाने एकाच हंगामातल्या मोजक्या चाळी पाहिल्या होत्या, म्हणून तिने 'शोज' काढून 'सजेस्ट्स' केलं. लेखकाचं नाव आणि साल द्यावंच लागतं. मराठीतून फिरवून आणल्याने विचार आपला होत नाही.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि सलग 14 शब्दांपर्यंतची सूटही आहे. पोरं याचा अर्थ 'चौदा शब्द उचलायला परवानगी' असा लावतात. ती सूट सर्वसामान्य माहितीसाठी आणि योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांसाठी आहे. साम्य मोजणारं सॉफ्टवेअर 'फ्यू हॅव लुक्ड ॲट'वर रंग चढवेल, त्याने घाबरू नका. प्रतिशब्द घातलेलं ते सडीचं वाक्य मात्र त्याच्या नजरेतून सहज सुटेल. ते गाइडच्या नजरेतून सुटत नाही, कारण मूळ पेपर त्यांनी वाचलेला असतो.